पॉलिसी चालू आहे की बंद? एका विमा प्रतिनिधीचे अनुभवाचे बोल

कोल्हापूर शहर आणि करवीर तालुक्यात मी बरीच वर्षं विमा प्रतिनिधी म्हणून फिरतो आहे. पॉलिसी विकण्यात माझा जितका वेळ गेला, त्याहून जास्त "ही पॉलिसी चालू आहे का बघा की जरा" या एका वाक्यापायी गेला. समोरचा माणूस पिशवीतून पावत्यांचा गठ्ठा काढतो आणि ठामपणे सांगतो, की आपण हप्ते भरलेत. बहुतेक वेळा ते खरंच असतं, आणि तरीही पॉलिसी बंद पडलेली असते. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असू शकतात, हे नीट कळलं की पॉलिसी तपासणं अवघड राहत नाही.

१. "शेवटचा हप्ता कधी भरला?" हा प्रश्नच सोडून द्यावा

पॉलिसी चालू आहे का, याचं उत्तर तुम्ही शेवटचे पैसे कधी भरलेत यावर ठरत नाही. न भरलेला पहिला हप्ता कोणत्या तारखेचा आहे, यावर ते ठरतं. आमच्या धंद्यात या तारखेला एफयूपी म्हणतात. एलआयसीच्या शाखेतून पॉलिसीचा स्टेटस रिपोर्ट काढला की त्यावर `FUP` या अक्षरांपुढे ती छापलेली असते. शेजारी पॉलिसी सुरू झाल्याची तारीख असते, आणि हप्ता वार्षिक, सहामाही, तिमाही की मासिक तेही असतं. खासगी कंपन्यांच्या कागदांवर शब्द वेगळे असतील. 'पुढील देय तारीख' अशा काही नावाने तीच तारीख तिथेही असते.

मी रिपोर्ट हातात घेतला की आधी ही तारीख बघतो. ती पुढची असेल तर पॉलिसी चालू, पुढचं काही तपासायला नको. ती मागची असेल तर तिथून सवलतीचे दिवस मोजायचे. ते दिवस अजून संपले नसतील तर पॉलिसी चालूच आहे, फक्त हप्ता देणं लागतो. संपले असतील तर पॉलिसी लॅप्स.

स्टेटस कळायला शाखेतच जायला हवं असं नाही. एलआयसीच्या संकेतस्थळावर पॉलिसी क्रमांक, हप्त्याची रक्कम आणि जन्मतारीख देऊन नोंदणी करता येते. नोंदणी झाली की घरबसल्या स्टेटसही दिसतं आणि भरलेल्या हप्त्यांचा तपशीलही. पण आयकरासाठी जो वर्षभराच्या भरण्याचा दाखला निघतो, तो या कामाला चालत नाही. एप्रिल ते मार्च या काळात एकूण किती रुपये जमा झाले, एवढंच तो सांगतो. ते रुपये कोणत्या तारखेच्या हप्त्याला लागले, हे त्यात कळत नाही. अनेकजण तोच दाखला फाईलला लावून निर्धास्त असतात.

२. पावतीवर दोन तारखा असतात, दोन्ही वाचाव्यात

पावतीवर एक तारीख पैसे भरल्याची असते. दुसरी नोंद त्या पैशांतून कोणत्या देय तारखेचा हप्ता चुकता झाला याची असते. लोक पहिली तारीख वाचतात आणि पावती घडी घालून ठेवतात. खरी गोष्ट दुसऱ्या नोंदीत असते. थकलेला हप्ता असताना तुम्ही पैसे भरलेत, तर ते आधी जुन्या थकलेल्या हप्त्याला लागतात.

चिखलीच्या एका शेतकऱ्याच्या पॉलिसीचं उदाहरण देतो. ओळख पटू नये म्हणून नाव आणि पॉलिसी क्रमांक बाजूला ठेवतो. पॉलिसी २८ फेब्रुवारी २०१३ ला सुरू झालेली, हप्ता सहामाही. म्हणजे दर वर्षी २८ फेब्रुवारी आणि २८ ऑगस्ट या देय तारखा. सोबत अपघाती मृत्यूचं जादा संरक्षण घेतलेलं. ऑगस्ट २०१९ च्या पहिल्या आठवड्यात पंचगंगेच्या महापुरात चिखली आणि आंबेवाडी पाण्याखाली गेली. घरातला चिखल काढायचा की हप्ता भरायचा, हा प्रश्नच नव्हता. त्या ऑगस्टचा हप्ता राहिला. त्या काळातला इतिहास असा होता:

- फेब्रुवारी २०१९ चा हप्ता: भरला २० मार्च २०१९
- ऑगस्ट २०१९ चा हप्ता: भरला २४ जानेवारी २०२०
- फेब्रुवारी २०२० चा हप्ता: भरला १७ ऑगस्ट २०२०
- ऑगस्ट २०२० चा हप्ता: भरला १९ फेब्रुवारी २०२१
- फेब्रुवारी २०२१ चा हप्ता: भरला २० ऑगस्ट २०२१

२०२१ च्या दिवाळीत मी स्टेटस काढला, तेव्हा एफयूपी होती २८ ऑगस्ट २०२१. मी म्हटलं, "दादा, पॉलिसी लॅप्स दाखवतीय." त्यांनी ऑगस्टची पावती पुढं केली. "लॅप्स कशी हो? ही बघा की, ऑगस्टात भरलाय. फेब्रुवारीत भरतोय, ऑगस्टात भरतोय. एक हप्ता चुकवला न्हाई."

त्यांचं म्हणणं अगदी बरोबर होतं. दर सहा महिन्यांनी पैसे भरले जात होते. मात्र प्रत्येक भरणा एक हप्ता मागे होता. पुराच्या वेळी पडलेली फट कधी भरून निघालीच नव्हती, ती फक्त पुढं सरकत राहिली होती.

याचा परिणाम दिवसांत मोजून बघा. १९ फेब्रुवारी २०२१ ला पैसे भरल्यावर एफयूपी झाली २८ फेब्रुवारी २०२१. त्या हप्त्याची सवलत ३० मार्चला संपली. म्हणजे १९ फेब्रुवारी ते ३० मार्च एवढे चाळीसच दिवस पॉलिसी पूर्ण चालू होती. ३१ मार्चपासून २० ऑगस्टला पुढचा भरणा होईपर्यंत ती लॅप्स. मग पुन्हा २० ऑगस्ट ते २८ सप्टेंबर असे चाळीस दिवस चालू, आणि परत बंद. हप्ते सगळे भरलेले, पावत्या सगळ्या जवळ, आणि सहा महिन्यांतले साडेचार महिने पॉलिसी बंद.

उपाय अगदी छोटा होता. ऑगस्ट २०२१ चा हप्ता त्यांनी विलंबशुल्कासह दिवाळीच्याच महिन्यात भरला आणि फेब्रुवारी २०२२ चा वेळेवर भरला. सहा महिन्यांत एकाऐवजी दोन हप्ते गेले आणि गाडी रुळावर आली. पुढे आम्ही आणखी एक बदल केला. ऑगस्ट हा त्यांच्याकडे पावसाचा आणि हात आखडलेला महिना, तर फेब्रुवारीत उसाचं बिल हाती येतं. म्हणून पॉलिसीच्या वर्धापनदिनी सहामाहीचा हप्ता वार्षिक करून घेतला. आता देय तारीख एकच, २८ फेब्रुवारी.

३. सवलतीचे दिवस बोटावर मोजू नयेत, पॉलिसीतल्या अटीवरून मोजावेत

जीवन विम्यात वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला पंधरा दिवसांची. एलआयसीच्या जुन्या पॉलिसींवर शब्द थोडे वेगळे आहेत: एक महिना, पण तीस दिवसांहून कमी नाही. बहुतेक महिन्यांत फरक एखाद्या दिवसाचाच पडतो. फेब्रुवारीत मात्र तो नीट बघावा लागतो. २८ फेब्रुवारीला देय असलेल्या हप्त्याचा महिना २८ मार्चला पुरा होतो, पण तीस दिवस ३० मार्चला पुरे होतात. जो काळ जास्त तो धरायचा, म्हणून शेवटचा दिवस ३० मार्च. उलट २८ ऑगस्टच्या हप्त्याचे तीस दिवस २७ सप्टेंबरला संपतात आणि महिना २८ सप्टेंबरला. तिथे २८ सप्टेंबर धरायचा.

शेवटचा दिवस रविवारी किंवा सार्वजनिक सुट्टीला आला तर लगेच पुढच्या कामाच्या दिवशी भरलेला हप्ता वेळेत धरला जातो. २०२३ मध्ये ३० मार्चला रामनवमी होती, म्हणून २८ फेब्रुवारीच्या हप्त्याला ३१ मार्चपर्यंत वेळ मिळाला. कोरोनाच्या टाळेबंदीत, २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये, विमा नियामकाने जीवन विम्याच्या हप्त्यांना जादा मुदत दिली होती. त्यामुळे त्या काळातला हप्ता नेहमीच्या हिशेबाने उशिरा दिसला तरी लगेच लॅप्स म्हणू नये.

सवलतीच्या दिवसांत पॉलिसीचं संरक्षण पूर्ण चालू असतं, ही गोष्ट बऱ्याच घरांना ठाऊक नसते. त्या काळात मृत्यू झाला तर दावा मिळतो, फक्त थकलेला हप्ता त्यातून कापून घेतात. हप्ता भरायचा राहिला म्हणून वारसांनी दावाच केला नाही, असं एक घर मी पाहिलं आहे. स्टेटस आणि मृत्यूची तारीख शेजारी ठेवली, तर मृत्यू सवलत संपायच्या आठवडाभर आधी झालेला होता.

मासिक हप्त्याचे लोक इथेच जास्त फसतात. पंधरा दिवसांत एखादा आजार, एखादं लग्न, खात्यात शिल्लक कमी, असं काहीही घडू शकतं. दरमहा उत्पन्न नसलेल्या माणसाला मी मासिक हप्ता सुचवत नाही.

४. लॅप्स म्हणजे सगळं बुडालं असं नाही, पण काय बुडालं ते कळायला हवं

लॅप्स झाल्यावर काय उरतं, हे आधी किती वर्षं हप्ते भरलेत यावर ठरतं. जुन्या पॉलिसींत तीन पूर्ण वर्षांचे हप्ते गेले असतील तर पॉलिसी पेड-अप होते. म्हणजे विम्याची रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात कमी होऊन शिल्लक राहते. पुढे नियम बदलून ही अट अनेक योजनांत दोन वर्षांवर आली. तुमच्या पॉलिसीला कुठला नियम लागू आहे, ते पॉलिसीच्या दस्तऐवजात लिहिलेलं असतं. तेवढे हप्तेही गेले नसतील तर हाती काही उरत नाही.

एलआयसीच्या अनेक जुन्या पॉलिसींना आणखी एक सवलत आहे, तिला क्लेम कन्सेशन म्हणतात. किमान तीन पूर्ण वर्षांचे हप्ते भरलेले असले आणि एफयूपीपासून सहा महिन्यांच्या आत मृत्यू झाला, तर पूर्ण विमा रक्कम मिळते. पाच वर्षांचे हप्ते भरलेले असले तर हीच मुदत बारा महिन्यांची होते. थकलेले हप्ते आणि व्याज तेवढं कापलं जातं. चिखलीच्या दादांनी आठ वर्षांहून जास्त हप्ते भरले होते. त्यामुळे त्या साडेचार महिन्यांत काही बरंवाईट झालं असतं तरी मूळ रक्कम घरी आली असती. अपघाती मृत्यूची जादा रक्कम मात्र आली नसती. ती मिळायची असेल तर अपघात झाला त्या दिवशी पॉलिसी चालू असावी लागते.

हा मुद्दा सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑक्टोबर २०२१ रोजी एलआयसीच्याच एका प्रकरणात स्पष्ट केला. पॉलिसी १४ एप्रिल २०११ ची, हप्ता सहामाही, विमा ३ लाख ७५ हजारांचा आणि अपघातासाठी तेवढेच आणखी. १४ ऑक्टोबर २०११ चा हप्ता भरला गेला नाही. ६ मार्च २०१२ ला अपघात झाला आणि ९ मार्चला थकलेला हप्ता भरण्यात आला, अपघाताचा उल्लेख न करता. २१ मार्चला त्या गृहस्थांचा मृत्यू झाला. एलआयसीने मूळ ३ लाख ७५ हजार दिले होते. वाद होता अपघाताच्या रकमेचा, आणि ती देय नाही असा निर्णय झाला, कारण अपघाताच्या दिवशी पॉलिसी लॅप्स होती. अपघात आणि भरणा यांत तीनच दिवसांचं अंतर. हा निकाल मी मोटारसायकलवर एमआयडीसीत ये-जा करणाऱ्या प्रत्येक तरुण ग्राहकाला सांगतो.

५. खात्यातून पैसे गेले म्हणजे हप्ता लागला असं समजू नये

पैसे बँकेतून आपोआप कापून घ्यायची सोय लावली की माणूस विसरून जातो. हप्त्याच्या दिवशी शिल्लक कमी असली, खातं बदललं किंवा बँकेचं विलीनीकरण झालं, तर वसुली परत जाते. पासबुकात अशा वेळी दोन ओळी दिसतात. एकीत विमा कंपनीच्या नावाने रक्कम वजा, आणि लगेच खाली किंवा एक-दोन दिवसांनी तीच रक्कम परत जमा, शिवाय बँकेचा दंड वजा. लोक पहिली ओळ बघतात आणि दुसरी बघत नाहीत. चेकचंही तेच आहे. चेक देऊन मिळालेली पावती चेक वटेल तेव्हाच खरी. तो परत आला तर त्या पावतीला काही अर्थ राहत नाही.

म्हणून मी कागद या क्रमाने लावायला सांगतो: पासबुकातली नोंद, तिच्याशी जुळणारी पावती, आणि त्या पावतीशी जुळणारी हप्त्यांच्या इतिहासातली ओळ. पासबुक सांगतं पैसे खात्यातून निघाले. पावती सांगते कंपनीने घेतले. इतिहास सांगतो ते कोणत्या हप्त्याला लागले. तिन्ही ओळी जुळल्या तरच तो हप्ता भरलेला धरायचा. रक्कम दर वेळी तंतोतंत सारखी नसेल तर घाबरू नये. वैयक्तिक जीवन विम्याच्या हप्त्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून रद्द झाला आहे, त्यामुळे त्याआधीची पावती थोडी जास्त रकमेची दिसणारच.

६. हप्ता कुणाच्या हातून जातो, यावर बरंच अवलंबून आहे

शिक्षक, जिल्हा परिषदेचे आणि सरकारी कर्मचारी यांचे अनेक हप्ते पगारातून कापले जातात. अशी कपात होत असली की पॉलिसी बंद पडणारच नाही, असा समज असतो. प्रत्यक्षात शाहूवाडीतून करवीरला बदली झाली की पगार काढणारं कार्यालय बदलतं. तेवढ्यात एक-दोन महिन्यांची कपात सुटू शकते, किंवा कापलेले पैसे पुढे पोचायला उशीर होतो. नंतरचे हप्ते नियमित पडत राहतात आणि मध्येच भोक राहतं. याला गॅप म्हणतात. बदली झालेल्या वर्षाच्या सगळ्या पगारपत्रकांचा एलआयसीच्या इतिहासाशी महिन्यागणिक ताळमेळ घालून बघा. पगारातून कापलं आणि इतिहासात नाही, असा महिना सापडला तर ते पगारपत्रक जपून ठेवा.

ते जपायचं कारण असं. १९९९ मध्ये दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, की पगारकपातीच्या योजनेत हप्ता गोळा करताना मालक हा एलआयसीचा प्रतिनिधी ठरतो. मालकाने पैसे पुढे भरले नाहीत, म्हणून कर्मचाऱ्याच्या वारसाचा दावा एलआयसीला नाकारता येणार नाही. २००५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

आता माझ्यासारख्या विमा प्रतिनिधीची गोष्ट. तिथे कायदा उलट आहे, आणि तो मी स्वतःच ग्राहकांना सांगतो. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर आलेल्या एका प्रकरणात ६ मार्च १९८७ चा हप्ता सवलतीतही भरला गेला नव्हता. ४ जूनला प्रतिनिधीने घरून चेक नेला आणि दुसऱ्या दिवशी तो वटवला. एलआयसीकडे पैसे भरले मात्र १० ऑगस्टला. आदल्याच दिवशी, ९ ऑगस्टला, विमेदाराचा मृत्यू झाला होता. प्रतिनिधीला हप्ते गोळा करण्याचा अधिकार एलआयसीने दिलेला नव्हता, म्हणून त्याला दिलेले पैसे एलआयसीला दिलेले धरता येणार नाहीत, असा निर्णय झाला.

दोन निकालांतला फरक ध्यानात ठेवा. पगारकपातीत मालक कंपनीच्या वतीने पैसे घेतो. प्रतिनिधी घरी येऊन पैसे नेतो तेव्हा तो बहुतेक वेळा तुमच्याच वतीने भरायला नेत असतो. कुणी कितीही ओळखीचा असो, "नंतर पावती देतो" याला मान देऊ नये. अधिकृत भरणा केंद्रावर संगणकातून पावती लगेच निघते. ती हातात पडली नाही, तर तो हप्ता भरला नाही असंच धरा.

७. जीवन विम्याची सवलत दुसऱ्या विम्याला लावू नये

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मोटारसायकलच्या विम्याला सवलतीचे दिवस नाहीत. पॉलिसीवर छापलेल्या शेवटच्या तारखेला मध्यरात्री तो संपतो. पुढच्या नव्वद दिवसांत नूतनीकरण केलं तर आधीचा नो क्लेम बोनस टिकतो, पण त्या मधल्या दिवसांत झालेल्या अपघाताला संरक्षण नसतं. या नव्वद दिवसांनाच काही लोक सवलत समजतात.

आरोग्य विम्यात वर्षाचा हप्ता एकरकमी भरत असाल तर नूतनीकरणाला तीस दिवस मिळतात. त्या काळात भरलं तर जुन्या आजारांच्या प्रतीक्षाकाळासारखे आधीचे लाभ तुटत नाहीत. पण पैसे भरायच्या आधी त्या दिवसांत रुग्णालयात दाखल झालात तर खर्च मिळत नाही. हप्त्याहप्त्याने भरणाऱ्यांना मात्र नव्या नियमांनुसार सवलतीतही संरक्षण असतं.

प्रधानमंत्री जीवन ज्योती योजनेचं संरक्षण दर वर्षी १ जून ते ३१ मे असतं. हप्ता ४३६ रुपये, तो बचत खात्यातून मे महिन्यात कापला जातो. सुरक्षा योजनेचे २० रुपयेही तेव्हाच जातात. इथे पावती नसते, पासबुकातली ती ओळ हाच पुरावा. मे संपायच्या आत ४३६ ची ओळ दिसली नाही, तर १ जूनपासून तुम्ही योजनेबाहेर असता. नंतर पुन्हा सामील झालात तर पहिले तीस दिवस अपघाताशिवाय इतर कारणाने झालेल्या मृत्यूला रक्कम मिळत नाही. दूध संस्थेचं बिल ज्या खात्यावर पडतं, त्याच खात्यावर ही योजना ठेवा, म्हणजे मेमध्ये शिल्लक असण्याची शक्यता जास्त.

८. लॅप्स निघाली तर त्याच आठवड्यात हालचाल करावी, आणि खरं लिहावं

पॉलिसी पुन्हा चालू करायला आमच्याकडे रिव्हायव्हल म्हणतात. एफयूपीपासून किती वर्षांत ते करता येतं, हे पॉलिसी कधीची आहे यावर ठरतं. २०१९ च्या नियमांनंतरच्या युलिप सोडून इतर पॉलिसींना पाच वर्षं मिळतात, त्याआधीच्या काहींना दोनच. दरम्यान व्याज चढत राहतं. जितका उशीर, तितक्या जास्त आरोग्य तपासण्या लागण्याचा संभव. शिवाय मध्येच साखर किंवा रक्तदाब निघाला, तर कंपनी जादा हप्ता मागू शकते किंवा नकारही देऊ शकते.

शाखेत ६८० क्रमांकाचा आरोग्याच्या घोषणेचा फॉर्म देतात. कधी कधी फॉर्म भरून देणाराच "सगळीकडे 'नाही' लिहा, लवकर होईल" म्हणतो. तसं करू नका. विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनंतर पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण ती तीन वर्षं पॉलिसी दिल्याच्या, जोखीम सुरू झाल्याच्या, रिव्हायव्हलच्या किंवा जादा संरक्षण जोडल्याच्या तारखेपैकी जी सर्वांत नंतरची असेल तिच्यापासून मोजतात. म्हणजे पंधरा वर्षं जुनी पॉलिसी आज रिव्हाइव्ह केलीत, तर आजपासून पुढची तीन वर्षं कंपनी तुमचं उत्तर पुन्हा तपासू शकते. त्या फॉर्मवर खोटं लिहून वाचवलेला एक दिवस, पुढे तीन वर्षांत दावा आला तर वारसांच्या अंगावर येतो.

रिव्हायव्हल मंजूर झाल्यावरही काम पुरं होत नाही. पैसे भरल्याची पावती आणि रिव्हायव्हल मंजुरी या वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याभराने नवा स्टेटस काढा आणि एफयूपी पुढच्या देय तारखेवर गेली आहे का ते बघा. गेली नसेल तर काहीतरी अडकलंय. शाखेत लेखी विचारा आणि अर्जावर पोच घ्या. पुढे दावा नाकारला गेला आणि कंपनीच्या तक्रार कक्षात उत्तर समाधानकारक मिळालं नाही, तर कोल्हापूरकरांना विमा लोकपालाचं पुण्याचं कार्यालय आहे. नकार आल्यापासून एक वर्षाच्या आत तिथे तक्रार करता येते. तिथे सगळ्यात आधी हप्त्यांचा इतिहास आणि देय तारीखच मागतात.